कांगा लीगसाठी मध्यमगती गोलंदाजाचे बूट: पूर्ण खिळे, अर्धे खिळे की रबर?

निशिगंधा_विक्रोळी

नमस्कार. माझा मुलगा १६ वर्षांचा असून उजव्या हाताने मध्यमगती गोलंदाजी करतो. आतापर्यंत त्याचा सराव सिमेंटवर अंथरलेल्या मॅटवर होत असे आणि सामनेही बहुतेक मॅटिंगवरच असत, त्यामुळे रबरी सोलाचे बूट त्याला पुरत होते. यंदा एका क्लबाने त्याला कांगा लीगच्या खालच्या गटातल्या आपल्या संघात घेतले आणि गेल्या रविवारी आझाद मैदानावर त्याचा पहिला सामना झाला. सकाळी दोन सरी येऊन गेल्या होत्या. तिसऱ्या षटकात चेंडू सोडताना त्याचा डावा पाय क्रीजवर टेकला आणि तसाच वीतभर पुढे घसरला, आणि तो खाली बसला. लागले काही नाही, पण त्यानंतर त्याने चार पावलांच्या रनअपने, निम्म्या वेगाने दोन षटके टाकली आणि कर्णधाराने त्याला थांबवले.

सामना संपल्यावर माळीदादांची परवानगी घेऊन मी क्रीजपाशी जाऊन पाहिले आणि फोटोही काढला. समोरच्या संघाच्या गोलंदाजाचा पाय जिथे पडत होता तिथे लहान लहान गोल भोकांचा पुंजका होता. माझ्या मुलाचा पाय घसरला होता तिथे एकही भोक नव्हते; गवंड्याने थापी फिरवावी तसा एक गुळगुळीत, लांबट पट्टा उमटला होता.

धोबी तलावला दोन दुकानांत विचारले. एकाने सांगितले की पुढे खिळे आणि टाचेला रबर असलेले अर्ध्या खिळ्यांचे बूट घ्या, ते सगळीकडे चालतात. संघातला एक मोठा मुलगा म्हणतो की पूर्ण खिळ्यांचेच घ्या. सध्या एकच जोड घेणे शक्य आहे. मुलगा नवव्या क्रमांकावर फलंदाजी करतो आणि क्षेत्ररक्षणाला फाइन लेगला उभा असतो. जाणकारांनी कृपया सांगावे.

कव्हरड्राइव्ह_ठाणे

यात फार विचार करण्यासारखे नाही. गवताची, म्हणजे टर्फची विकेट असेल तर खिळे आणि मॅट किंवा सिमेंट असेल तर रबर, असा साधा हिशेब आहे. मी स्वतः गेली बारा वर्षे अर्ध्या खिळ्यांच्या बुटांवर सलामीला खेळत आलो आहे आणि मला कधीही अडचण आलेली नाही. धावताना जोर पुढच्या चवड्यावर असतो, पकड तिथेच हवी असते. टाचेला रबर असल्यामुळे दिवसभर उभे राहून पाय दुखत नाहीत, तंबूपासून मैदानापर्यंत चालणेही सोपे जाते. एकच जोड घ्यायची असेल तर अर्धे खिळे घ्यावेत.

संध्याकाळचा_गट_मुलुंड

आमचा गट दर शुक्रवारी रात्री जाळीतल्या हिरव्या टर्फवर खेळतो. तिथे लोखंडी खिळ्यांना बंदी आहे, त्यामुळे आम्ही सगळे फुटबॉलचे प्लॅस्टिकचे स्टड असलेले बूट वापरतो आणि ते अजिबात घसरत नाहीत. किंमतही निम्मी पडते. टर्फसाठी तेच घेऊन टाका, असे मी सुचवेन.

जुना_मैदानी

मुलुंडच्या मित्राचा थोडा गैरसमज झाला आहे. ते ज्याला टर्फ म्हणतात ते कृत्रिम गवताचे गालिचे आहेत, आणि निशिगंधाताई विचारत आहेत ती रोलर फिरवून बसवलेल्या मातीची विकेट आहे. फुटबॉलचा स्टड बोटाच्या पेराइतका जाड आणि बोथट असतो. तो मऊ हिरवळीत रुततो, पण दाबलेल्या मातीत शिरत नाही. शिवाय त्या बुटांची टाच पातळ असते, आणि गोलंदाजाला नेमकी टाचच सांभाळायची असते.

ताई, तुम्ही क्रीजपाशी जाऊन खूण पाहिलीत हे फार चांगले केलेत, कारण उत्तर त्या खुणेतच आहे. कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते आणि तिच्या विकेटा झाकलेल्या नसतात. अशा विकेटवर सर येऊन गेली की वरचा अर्धा बोट थर लोण्यासारखा होतो, पण खालची माती महिनोन्‌महिने रोलर फिरलेली असल्यामुळे घट्टच राहते. रबरी सोलाचे दाणे आखूड आणि रुंद असतात. ते त्या लोण्यातच थांबतात, आणि एका षटकात दोन दाण्यांमधल्या फटी चिकणमातीने भरल्या की तळवा सपाट होऊन जातो. तुम्हाला दिसलेली थापीची खूण ती हीच. लोखंडी खिळा बारीक आणि साधारण सेंटीमीटरभर लांब असतो, त्यामुळे तो वरचा थर भेदून खालच्या घट्ट मातीला धरतो. त्या दुसऱ्या गोलंदाजाची भोके स्वच्छ आणि गोल होती, याचा अर्थ त्याचा पाय जिथे पडला तिथेच थांबला.

आता अर्धे की पूर्ण, हा खरा प्रश्न. कव्हरड्राइव्ह यांचे म्हणणे फलंदाजापुरते योग्य आहे, पण वेगाने टाकणाऱ्या गोलंदाजाला ते लागू होत नाही. उजव्या हाताच्या गोलंदाजाचा डावा पाय क्रीजवर येतो तेव्हा गुडघा जवळजवळ सरळ असतो आणि बहुतेकांची टाच आधी टेकते. धावण्याचा सगळा वेग त्या एका क्षणात रोखला जातो, आणि तेवढ्यापुरता त्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. त्या क्षणी चवडा अजून हवेत असतो. म्हणजे अर्ध्या खिळ्यांच्या बुटात ज्या जागी रबर आहे, नेमक्या त्याच जागेवर सगळा भार येतो, आणि पुढचे खिळे मातीला लागेपर्यंत पाय निसटलेला असतो. तुमच्या मुलाचा पाय टाचेवर घसरला की चवड्यावर, हे फोटोवरून कळेल. पट्ट्याचे सुरुवातीचे टोक टाचेसारखे गोल आणि खोल असेल आणि पुढे तो उथळ होत गेला असेल, तर टाच आधी घसरली असे समजावे.

निशिगंधा_विक्रोळी

फोटो पुन्हा पाहिला. पट्टा मागच्या बाजूला खोल आणि गोलाकार आहे आणि पुढे पसरट होत गेला आहे. म्हणजे टाचच.

जुना_मैदानी

मग टाचेला खिळे असलेलेच बूट घ्यावेत. दुकानात घालून पाहताना क्रिकेटचे जाड मोजे घालावेत आणि टाच आत वर-खाली होते का ते पाहावे. अंगठ्यापुढे अर्धे बोट जागा असावी, कारण पाय थांबला तरी तो बुटाच्या आत पुढे सरकतो आणि नखे काळी पडतात. सोल दोन्ही हातांनी वाकवून पाहावा. तो चवड्याच्या सांध्यापाशी वाकायला हवा, मधोमध वाकणारा सोल गोलंदाजाच्या कामाचा नाही. उजव्या बुटाचे टोकही पाहावे. चेंडू सोडताना मागचा पाय जमिनीवर घासत येतो, आणि तिथे जाड रबराचे आवरण नसेल तर दोन महिन्यांत कापड फाटते.

कव्हरड्राइव्ह_ठाणे

टाचेचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता, हे मान्य करतो. मी गोलंदाजी केलेली नाही. तरीही एक शंका राहते. पूर्ण खिळ्यांच्या बुटांनी तो फलंदाजी करणार असेल तर पुल किंवा स्वीप मारताना मागचा पाय चवड्यावर वळावा लागतो. तिथे खिळे रुतून बसले तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. माझ्या एका सहकाऱ्याचा गुडघा कोरड्या विकेटवर असाच दुखावला होता.

फिरकी_माटुंगा

मी लेगस्पिन टाकते, आणि कव्हरड्राइव्ह म्हणतात तो त्रास फलंदाजीपेक्षा मला गोलंदाजीत अधिक झाला आहे. आमचा वेग कमी असल्यामुळे टाचेवर एवढा आघात होत नाही, पण चेंडू सोडताना पूर्ण शरीर पुढच्या पायाच्या चवड्यावर फिरते. मोसमाच्या सुरुवातीला मी भावाचे पूर्ण खिळ्यांचे बूट घालून खेळले. ओलसर विकेटवर काही जाणवले नाही, पण नोव्हेंबरात विकेट कोरडी झाल्यावर प्रत्येक चेंडूनंतर डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येऊ लागली. पाय मातीत खिळून राहायचा आणि मी फिरायचे. त्यानंतर मी अर्ध्या खिळ्यांचे बूट घेतले आणि अंगठ्याच्या बुंध्याखालचा एक खिळा काढून टाकला. कळ थांबली. म्हणून ताईंच्या मुलासाठी टाचेचे खिळे हवेत हे मला पटते, पण चवड्याखाली सगळेच खिळे हवेत का, याबद्दल मला शंका आहे.

जुना_मैदानी

फिरकीसाठी तुमचा अनुभव योग्यच आहे. मात्र खिळा काढून टाकण्याला माझा विरोध आहे. उघड्या भोकात माती शिरून आटे खराब होतात आणि पुढे तिथे खिळा बसत नाही. आणि एक खिळा गेला की त्याचा भार शेजारच्या दोघांवर येतो. काढायचाच असेल तर त्याच आट्यांवर बसणारा आखूड रबरी दट्टा मिळतो का ते दुकानात बूट नेऊन, प्रत्यक्ष बसवून पाहावे.

फिरकी_माटुंगा

माझा खिळा काढून दोन मोसम झाले आणि भोक मी मेणाने बुजवले आहे. शेजारचे खिळे अजून घट्ट आहेत. त्यामुळे या बाबतीत माझे मत मी बदलणार नाही.

उभा_पंच_बोरिवली

बुटांची निवड चालू आहे म्हणून एक गोष्ट वेळीच सांगतो. खिळे घातल्यावर मुलाने चेंडू टाकून झाल्यावर कुठे पळायचे, याकडे आता लक्ष द्यावे लागेल. पॉपिंग क्रीजपासून पुढे १.५२ मीटर अंतरावर सुरू होणारा आणि मधल्या स्टंपांच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ३०-३० सेंटीमीटर रुंदीचा पट्टा संरक्षित असतो. गोलंदाजाने विनाकारण त्यात पाऊल टाकले की आम्ही पहिला आणि शेवटचा इशारा देतो, आणि पुन्हा तसे झाले की त्या डावात त्याला गोलंदाजी करता येत नाही. नियम रबरी बुटांनाही तोच आहे, पण ओल्या विकेटवर खिळ्यांनी पडलेली भोके समोरच्या फिरकी गोलंदाजाला आयती मिळतात आणि दोन्ही संघ लगेच तक्रार करतात. मॅटवर खेळलेल्या मुलांना सरळ पळत जाण्याची सवय असते, कारण मॅटवर खूण उमटत नाही. उजव्या हाताने ओव्हर द विकेट टाकणाऱ्याने तिसऱ्या पावलापर्यंत आपल्या डाव्या बाजूला बाहेर पडायला शिकावे.

फलंदाजी करतानाही हेच. धाव घेताना विकेटच्या मधून पळू नये, कडेने पळावे.

निशिगंधा_विक्रोळी

दोन रविवारनंतर पुन्हा लिहीत आहे. सगळ्यांचे मनापासून आभार. टाचेला चार आणि पुढे सात खिळे असलेला जोड घेतला. पहिल्या रविवारी विकेट ओलसर होती आणि त्याने पूर्ण रनअपने सात षटके टाकली. मी पुन्हा खुणा पाहिल्या. टाचेची चारही भोके स्पष्ट होती आणि कडा फाटलेल्या नव्हत्या. पंचांनी सांगितलेली सवय अजून पूर्ण लागलेली नाही. त्याला एकदा इशारा मिळाला, त्यानंतर तो जपून पळाला.

दुसऱ्या रविवारी मात्र वेगळीच अडचण आली. सामना क्रॉस मैदानावर होता आणि रात्रभर पाऊस होता. दोन षटकांतच बुटांखाली एवढी माती जमली की तो उंच झाल्यासारखा दिसत होता. पाचव्या षटकात तो पुन्हा घसरला आणि तेही याच खिळ्यांच्या बुटांवर. या वेळची खूण थापीसारखी नव्हती; स्वल्पविरामासारखी भोके होती, एका बाजूला शेपूट ओढल्यासारखी. शिवाय घरी आल्यावर पाहिले तर डाव्या टाचेचा एक खिळा कुठेतरी पडून गेला होता.

जुना_मैदानी

स्वल्पविरामाची खूण म्हणजे खिळा मातीत शिरला, पण मातीच फाटली. वरचा मऊ थर खिळ्याच्या लांबीपेक्षा जाड झाला की असे होते. तिथे बूट बदलून उपयोग नाही. कर्णधाराने पंचांना विचारून लँडिंगच्या जागी लाकडाचा भुसा टाकून घ्यावा. पायाला आधार मिळावा म्हणून भुसा वापरण्याची मुभा नियमांतच आहे, आणि तो पाणी शोषून खिळ्याला धरायला काहीतरी देतो. तेही जमले नाही तर क्रीजच्या थोडे आत किंवा कडेला, न खणलेल्या जागेवर पाय टाकून पाहावा. मुलाने रनअप लहान केला होता ते पहिल्या सामन्यात नाइलाजाने झाले, पण अशा दिवशी तो मुद्दाम दोन-तीन पावलांनी कमी करणे योग्यच आहे.

माती जमण्याचे कारण असे की चिकणमाती आधी खिळ्यांच्या मुळाशी चिकटते आणि मग थर वर चढत जातो. खिळ्याचे फक्त टोक बाहेर उरते. फलंदाज बॅटच्या कडेने बूट झटकतो, गोलंदाजाकडे बॅट नसते. आम्ही खिशात आइसक्रीमची लाकडी काडी ठेवत असू आणि प्रत्येक षटकानंतर फाइन लेगला गेल्यावर खिळ्यांमधली माती काढत असू. खेळापूर्वी तळव्याला, फक्त खिळ्यांच्या मधल्या भागाला, खोबरेल तेलाचा पुसट हात लावला तर पहिली काही षटके माती कमी चिकटते.

पडलेल्या खिळ्याबद्दल: नवीन बुटांचे खिळे पहिल्या सामन्यानंतर सैल होतातच. प्रत्येक डावाआधी चावीने एकेक खिळा आवळावा, पण अंगातला सगळा जोर लावू नये, नाहीतर सोलमधले पितळी आटेच फिरू लागतात आणि मग तो बूट दुरुस्त होत नाही. घरी आल्यावर खिळे काढून आटे पुसून चिमूटभर व्हॅसलिन लावून पुन्हा बसवावेत. आपल्याकडच्या दमट हवेत ते केले नाही तर सप्टेंबरपर्यंत खिळे गंजून इतके घट्ट बसतात की चावीने त्यांचे डोके गोल होते.

कव्हरड्राइव्ह_ठाणे

बूट वाळवण्याबद्दलही सांगतो, कारण माझा एक जोड यातच गेला. ओले बूट मी गच्चीवर भर उन्हात ठेवले आणि संध्याकाळी सोल पुढून उघडला होता, कारण उष्णतेने गोंद सुटतो. आता मी आतला गादीचा तुकडा काढतो, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबतो, ते दोन तासांनी बदलतो आणि बूट पंख्याखाली ठेवतो.

संध्याकाळचा_गट_मुलुंड

माझा गैरसमज झाला होता, हे लक्षात आले. एक विचारतो: जाण्या-येण्यासाठी मुलगा हेच बूट घालतो का? मी एकदा सीएसएमटीच्या सबवेमध्ये खिळ्यांचे बूट घालून उतरणारा मुलगा फरशीवर वाईट रीतीने पडताना पाहिला आहे.

निशिगंधा_विक्रोळी

नाही, तो चपला घालूनच तंबूपर्यंत जातो आणि बूट पिशवीतून नेतो. आता शेवटची शंका. जानेवारीत त्याच्या शाळेचे सामने आहेत, विकेटा तेव्हा कोरड्या आणि लाल मातीच्या असतील. तेव्हा हेच बूट चालतील की पुन्हा रबर घालावे?

जुना_मैदानी

त्याचे उत्तर महिन्यावरून ठरवू नये, सामन्याच्या सकाळी मैदानावर पाहून ठरवावे. मुलाने बूट घालून लँडिंगच्या जागी, विकेटच्या कडेला, पूर्ण वजन टाकून डाव्या पायावर उभे राहावे, आणि तुम्ही खाली वाकून बाजूने पाहावे. सोलचे रबर मातीला टेकले असेल तर खिळे पूर्ण आत गेले आहेत आणि निर्धास्त गोलंदाजी करावी. सोल आणि जमीन यांच्यामधून उजेड दिसत असेल तर तो खिळ्यांच्या टोकांवर उभा आहे. अशा वेळी पकडही कमी मिळते आणि प्रत्येक आघाताला खिळ्यांची बुडे तळव्याला टोचतात. दुसऱ्या दिवशी चवड्याखाली नाण्याएवढे दुखरे डाग उमटतात आणि टाच ठणकते. तसे असेल तर रबरी बूट घालावेत, कारण कोरड्या, कडक मातीवर रबराच्या दाण्यांमध्ये भरायला चिखलच नसतो आणि सगळा तळवा जमिनीला लागतो. फक्त त्या रबराचे दाणे झिजलेले नसावेत. तुमचा जुना रबरी जोड जपून ठेवावा.

अडचण येते ती मधल्या स्थितीत, जेव्हा खिळे निम्मे आत जातात. सकाळी दव पडलेले असते तेव्हा पहिल्या तासाला खिळे हवेत आणि जेवणानंतर रबर, असे मी अनेकदा केले आहे. पण काही चांगले गोलंदाज दिवसभर खिळ्यांवरच टाकतात आणि आत जाड गादी घालतात.

फिरकी_माटुंगा

जाड गादी घातली तर टाच बुटात वर उचलली जाते आणि घोट्याचा आधार कमी होतो, निदान माझ्या बाबतीत तसे झाले. ताई, गादी घालणार असाल तर आधी नेटच्या बाहेर मोकळ्या जमिनीवर दहा-बारा चेंडू टाकून पाहायला सांगा. नेटच्या मॅटवर खिळे घालू देऊ नका. मॅटचे धागे उसवतात, आणि खाली सिमेंट असल्यामुळे खिळा शिरायला जागाच नसते.

निशिगंधा_विक्रोळी

उजेडाची चाचणी आज मैदानाच्या कडेला, रोज तुडवल्या जाणाऱ्या कडक पायवाटेवर करून पाहिली. टाचेखाली सोल टेकला होता, चवड्याखाली मात्र बोटाच्या नखाएवढी फट होती. जानेवारीत विकेटवर काय दिसते ते इथे कळवीन.